'५४ टक्क्यांनी' की '७६ वरून ३५ वर'?

आमच्या कॉलेजात शनिवारी जर्नल क्लब असतो. बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षातला एक जण एखादी औषधचाचणी वाचून येतो आणि बाकीच्यांसमोर मांडतो. या वेळी एका विद्यार्थिनीच्या वाट्याला रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीची 'ज्युपिटर' चाचणी आली होती. शुक्रवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. पहिल्याच स्लाइडवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'रोसुव्हास्टॅटिनने हार्ट अटॅकचा धोका ५४ टक्क्यांनी कमी'. सहाव्या स्लाइडवर, दुष्परिणामांच्या यादीत, बारीक अक्षरांत होतं, 'मधुमेहात फक्त ०.६ टक्क्यांनी वाढ'.

"सर, एवढा फायदा आणि एवढंसं नुकसान. मग ही गोळी सगळ्यांनाच का देत नाहीत? माझ्या बाबांचं कोलेस्टेरॉल थोडं वाढलंय, त्यांना सांगू का डॉक्टरांना विचारायला?"

दोन्ही आकडे बरोबर होते. चाचणीच्या मूळ संशोधन-पेपरातूनच घेतलेले होते. तरीही त्या दोन स्लाइड एकापाठोपाठ पाहणाऱ्याच्या मनात जे चित्र उभं राहिलं असतं ते चुकीचं होतं. का, ते आम्ही पुढचे दोन तास बसून काढलं, आणि ते इथे सविस्तर लिहितो आहे. आरोग्याच्या बातम्यांमध्ये हीच गफलत जवळजवळ रोज होते, आणि ज्युपिटरमध्ये ती फार स्वच्छ दिसते.

चाचणी काय होती

ज्युपिटरचे निष्कर्ष नोव्हेंबर २००८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. बोस्टनचे पॉल रिडकर हे प्रमुख संशोधक आणि अॅस्ट्राझेनेका ही गोळी बनवणारी कंपनी पैसे देणारी. प्रश्न साधा होता. ज्यांना हृदयविकार नाही, मधुमेह नाही, ज्यांचं एलडीएल कोलेस्टेरॉलही १३० च्या खाली आहे, पण रक्तातलं सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन २ किंवा त्याहून जास्त आहे, अशांना रोसुव्हास्टॅटिन दिलं तर हृदयाचे आजार टळतात का? पुरुष पन्नाशीच्या पुढचे, बायका साठीच्या पुढच्या. अशी माणसं शोधायला सुमारे ९० हजार जणांची तपासणी झाली आणि त्यातून १७,८०२ जण घेतले. निम्म्यांना, म्हणजे ८,९०१ जणांना, २० मिलिग्रॅमची गोळी रोज. उरलेल्या ८,९०१ जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो.

हार्ट अटॅक किती आले? प्लासिबो गटात ६८ जणांना, औषधाच्या गटात ३१ जणांना.

मी तिला एवढंच विचारलं, "५४ कुठून आले?" तिने लगेच सांगितलं, "हॅझर्ड रेशो ०.४६, म्हणून एक वजा ०.४६." बरोबर. हॅझर्ड रेशो म्हणजे ढोबळमानाने औषधाच्या गटातला धोका भागिले प्लासिबो गटातला धोका. ३१ ला ६८ ने भागलं तरी जवळपास तेच येतं. "आणि या भागाकारात ८,९०१ कुठे आहे?" यावर ती थांबली.

तो नाहीच. दोन्ही गट सारखेच मोठे, म्हणून भागाकारात तो कटून जातो. ६८ झटके ८,९०१ जणांत आले असोत, ८०० जणांत आले असोत किंवा ८९ हजारांत आले असोत, ३१ आणि ६८ चं गुणोत्तर तेच राहणार. यालाच सापेक्ष धोका म्हणतात. सापेक्ष, म्हणजे दुसऱ्या गटाच्या तुलनेत. मुळात धोका किती होता हे त्या आकड्यात नसतंच, आणि घरी गोळी घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

आलेखाचा कागद

तोंडी सांगून हे पोहोचत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी कपाटातून मिलिमीटरचा आलेखाचा कागद काढला, तोच शाळेतला. त्यावर दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन आखला की आत मिलिमीटरचे बरोबर दहा हजार बारके चौकोन येतात. एक चौकोन म्हणजे एक माणूस.

तिला म्हटलं, ज्युपिटरचे आकडे दहा हजारांवर आण. ६८ भागिले ८,९०१ म्हणजे ०.७६ टक्के, म्हणजे दहा हजारांत ७६. आता ७६ चौकोन लाल पेनाने रंगव. ती रंगवत बसली. एका सेंटिमीटरच्या चौकोनात शंभर बारके चौकोन असतात, त्यामुळे ७६ चौकोन कोपऱ्यातल्या एकाच सेंटिमीटरमध्ये मावले आणि वर जागाही उरली. बाकी सगळा कागद कोरा. गोळी न घेता साधारण दोन वर्षांत ज्यांना झटका आला, ते एवढे.

औषधाच्या गटात ३१ भागिले ८,९०१ म्हणजे ०.३५ टक्के, म्हणजे ३५ चौकोन. मग ७६ पैकी ४१ वर तिने निळी फुली मारली. या फुल्या म्हणजे गोळीने टळलेले झटके. लाल चौकोनांपैकी निम्म्याहून जास्त निळे झाले, हे तिचे ५४ टक्के. आणि अख्ख्या कागदावर निळे फक्त ४१, हा निरपेक्ष फरक. दोन्ही एकाच कागदावर, एकाच वेळी खरे.

ती बराच वेळ कागदाकडे पाहत होती. मग म्हणाली, "सर, मी ५४ टक्के वाचले तेव्हा मला वाटलं की अर्धा कागद निळा होतो."

बातमी वाचणाऱ्या जवळपास प्रत्येकाला असंच वाटतं. आणि यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. मराठीत '५४ टक्क्यांनी कमी' आणि '०.४ टक्क्यांनी कमी' या दोन्हींना एकच 'नी' लागतो. पहिल्या 'नी'चा अर्थ 'मूळ धोक्याच्या ५४ टक्के' आणि दुसऱ्या 'नी'चा अर्थ 'शंभर माणसांमागे ०.४'. प्रत्यय एकच असल्यामुळे वाचणाऱ्याला फरक कळायला काहीच खूण राहत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एक सवय लावतो. टक्क्यांपुढे 'नी' लिहायचं नाही, 'वरून' आणि 'वर' लिहायचं. '०.७६ टक्क्यांवरून ०.३५ टक्क्यांवर', किंवा 'दहा हजारांत ७६ वरून ३५ वर'. असं लिहिलं की मूळ धोका आपोआप वाक्यात येतो, लपवायला जागाच उरत नाही.

आणखी एक गणित तिने स्वतःहून केलं. फरक ०.४१ टक्के, तर एक झटका टाळायला किती जणांनी गोळी घ्यायची? शंभराला ०.४१ ने भागलं की सुमारे २४० येतात. या आकड्याला एनएनटी म्हणतात. त्याचा अर्थ असा, की २४० जणांनी साधारण दोन वर्षं रोज गोळी घेतली तर त्यांच्यात एक झटका कमी येईल. गोळी नसती तर २४० पैकी सुमारे दोघांना आला असता, गोळी घेऊन एकाला येतो. बाकीच्यांना गोळी घेऊनही आला नाही आणि न घेताही आला नसता. तो वाचलेला एक कोण, हे कधीच सांगता येत नाही.

सहावी स्लाइड

मग आम्ही मधुमेहाकडे वळलो, आणि या प्रकरणातली खरी चूक इथे होती.

चाचणीदरम्यान डॉक्टरांनी मधुमेहाचं नवं निदान केलेले प्लासिबो गटात २१६ जण होते, औषधाच्या गटात २७०. पेपराच्या तक्त्यात हे २.४ टक्के आणि ३.० टक्के असं दिलं आहे. तिने वजाबाकी केली आणि '०.६ टक्क्यांनी वाढ' लिहिलं. गणित अचूक. पण फायदा सांगताना तिने भागाकार केला होता आणि नुकसान सांगताना वजाबाकी. एका पारड्यात किलोचं वजन आणि दुसऱ्यात ग्रॅमचं.

मी म्हटलं, आता उलटं कर. नुकसानाला भागाकार लाव आणि फायद्याला वजाबाकी. २७० भागिले २१६ म्हणजे १.२५. तिने कागदाच्या मागे लिहिलं, 'रोसुव्हास्टॅटिनने मधुमेहाचा धोका २५ टक्क्यांनी वाढला, हार्ट अटॅक मात्र फक्त ०.४ टक्क्यांनी घटले'. तीच चाचणी, तीच माणसं, एकही आकडा खोटा नाही, आणि आता गोळी विषासारखी दिसते. तिच्या चेहऱ्यावरचा राग मला अजून आठवतो. तिला वाटलं होतं की आपण प्रामाणिकपणे लिहिलंय, आणि तिने खरोखरच प्रामाणिकपणे लिहिलं होतं. तिने आकडे जिथे ज्या रूपात पाहिले, तिथून त्याच रूपात उचलले होते. मूळ पेपराच्या सारांशात फायद्यासाठी हॅझर्ड रेशो आहे, आणि त्याच्याच शेजारी दर वर्षाचे निरपेक्ष दरही दिले आहेत, ही त्यांची बाजू सांगायलाच हवी. मधुमेहाबद्दल मात्र सारांशात प्रमाण जास्त आढळलं एवढंच वाक्य आहे, आकडा आतल्या तक्त्यात. वाचणारा घाईत असला की पहिल्या जागेवरून गुणोत्तर उचलतो आणि दुसऱ्या जागेवरून टक्के.

दोन्ही एका मापात आणायची तर पुन्हा दहा हजारांचा कागद घ्यायचा. मधुमेहाचं निदान २४३ वरून ३०३ वर गेलं, म्हणजे सुमारे ६० ने वाढ. हार्ट अटॅक ७६ वरून ३५ वर आले, पक्षाघात ७२ वरून ३७ वर. चाचणीचा मुख्य निकष मात्र एकटा हार्ट अटॅक नव्हताच. हार्ट अटॅक, पक्षाघात, अँजिओप्लास्टी किंवा बायपास, छातीतल्या दुखण्यासाठी दवाखान्यात भरती आणि हृदयरोगाने मृत्यू, या पाचांपैकी पहिलं जे काही घडेल ते त्यात धरलं होतं. अशा घटना २५१ विरुद्ध १४२ होत्या, दहा हजारांत २८२ वरून १६० वर. आणि कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू २४७ विरुद्ध १९८, म्हणजे २७७ वरून २२२ वर.

असं मांडलं की गोळी विष नाही आणि अमृतही नाही, हे दिसतं. सुमारे १२० मोठ्या घटना टळल्या आणि सुमारे ६० मधुमेहाची निदानं वाढली. हे दोन आकडे एकमेकांतून वजा करायचे नाहीत, कारण मृत्यू किंवा पक्षाघात आणि कागदावरचं मधुमेहाचं निदान यांचं वजन सारखं नसतं. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी दोन वर्षांनंतर दोन गटांत ५.९ आणि ५.८ होतं, म्हणजे वाढलेली बरीच निदानं अगदी सीमेवरच्या लोकांची असावीत असं मला वाटतं. पण हा विचार करायला आधी दोन्ही बाजू एका मापात समोर हव्यात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये स्टॅटिनच्या, म्हणजे रोसुव्हास्टॅटिनच्या जातीच्या गोळ्यांच्या, माहितीपत्रकात रक्तातली साखर वाढण्याची सूचना घातली, ती अशाच आकड्यांमुळे.

किती काळात

निरपेक्ष धोक्याला काळ चिकटवल्याशिवाय अर्थ नसतो. 'दहा हजारांत ७६' हे वर्षात की दहा वर्षांत? ज्युपिटरमध्ये निम्म्या लोकांवर १.९ वर्षांहून कमी काळ लक्ष ठेवलं होतं, कारण चाचणी मार्च २००८ मध्ये मध्येच थांबवली. ठरलं होतं ५२० मुख्य घटना होईपर्यंत चालवायचं, थांबली तेव्हा ३९३ झाल्या होत्या. फायदा एवढा स्पष्ट दिसतोय की प्लासिबो देत राहणं योग्य नाही, असं स्वतंत्र देखरेख समितीचं मत पडलं. त्यामागचा माणुसकीचा विचार मला पटतो. पण आकडे वाचणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. घटनांचा आकडा वरखाली होत असतो आणि फरक मोठा दिसत असतानाच थांबलो तर तो खऱ्याहून थोडा फुगलेला असण्याची शक्यता जास्त. आणि सावकाश दिसणारं नुकसान असलं तर ते दिसायच्या आतच पडदा पडतो.

तिच्या आठव्या स्लाइडवर 'पाच वर्षांत एनएनटी २५' असं होतं. २५ हा आकडा पेपरातच आहे, पण तो पुढे ताणून काढलेला अंदाज आहे. मुख्य निकषासाठी दोन वर्षांचा एनएनटी त्यांनी ९५ दिला आहे, आणि तो प्रत्यक्ष पाहिलेल्या काळातला. मी तिला एवढंच सांगितलं, की २५ ठेवायचा असेल तर शेजारी 'अंदाज' हा शब्द तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिही.

बाबांचं काय

शेवटी तिच्या मूळ प्रश्नावर आलो. इथे सापेक्ष आकड्याच्या बाजूने बोलायला हवं. संशोधक तो वापरतात ते लोकांना फसवायला नव्हे. औषधाचा सापेक्ष परिणाम वेगवेगळ्या लोकांत बऱ्यापैकी सारखा राहतो, म्हणून तो एका चाचणीतून उचलून दुसऱ्या माणसाला, जपून का होईना, लावता येतो. निरपेक्ष फायदा असा उचलता येत नाही. तो प्रत्येकाच्या मूळ धोक्याप्रमाणे बदलतो.

१९९४ ची स्कँडिनेव्हियातली फोर-एस चाचणी तिला शेजारी ठेवून दाखवली. औषध सिम्व्हास्टॅटिन, लोक ४,४४४, आणि सगळे आधीच हृदयरोगी. साधारण ५.४ वर्षांत प्लासिबो गटात २५६ मृत्यू, औषधाच्या गटात १८२. सापेक्ष घट सुमारे ३० टक्के. स्लाइडवर ३० हा आकडा ५४ पुढे फिका वाटतो. पण आलेखावर मांडलं तर मृत्यूंचे साडेअकरा सेंटिमीटर-चौकोन होतात आणि गोळीने ते आठाच्या थोडं वर येतात. ३० जणांनी गोळी घेतली की एक जीव वाचतो. दर वर्षाचा हिशेब केला तरी फोर-एसमध्ये दहा हजारांत वर्षाला सुमारे ६० मृत्यू टळले आणि ज्युपिटरमध्ये सुमारे २० हार्ट अटॅक. बातमीत मात्र ५४ च मोठा दिसला असता. ज्याला झटका येऊन गेलाय त्याने 'स्टॅटिनचा काही उपयोग नसतो' असं कुठे ऐकून गोळी बंद करू नये, हे मी वर्गात दरवर्षी आवर्जून सांगतो, ते याचसाठी.

तिचे बाबा ५२ वर्षांचे. एलडीएल १४८. सीआरपी कधी तपासलेलंच नाही. म्हणजे ज्युपिटरने त्यांना दारातच थांबवलं असतं, एलडीएल १३० च्या वर म्हणून. ही चाचणी त्यांच्यासारख्यांवर झालेलीच नाही. म्हणून त्यांच्या मूळ धोक्यापासून सुरुवात करायची. समज, पुढच्या दहा वर्षांत त्यांना झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता शंभरात ४ आहे आणि गोळी ती एक तृतीयांशाने घटवते, तर ४ वरून पावणेतीनच्या आसपास येईल. तीच शक्यता शंभरात १८ असेल तर १८ वरून १२ वर. सापेक्ष घट दोन्हीकडे तीच. पण पहिल्या माणसाने 'आधी चालायला लागतो, मग बघू' म्हटलं तर मला ते समजण्यासारखं वाटेल, दुसऱ्याने म्हटलं तर मी त्याच्याशी वाद घालीन.

"पण ४ की १८, हे कसं कळणार?" जागतिक आरोग्य संघटनेचे दक्षिण आशियासाठी वेगळे तक्ते आहेत. वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, मधुमेह, वरचा रक्तदाब आणि एकूण कोलेस्टेरॉल एवढं घातलं की दहा वर्षांचा ढोबळ धोका मिळतो. औषध द्यायचं की नाही ते त्यांचे डॉक्टरच ठरवतील, पण हा आकडा हातात घेऊन गेलं तर बोलणं नेमकं होतं.

तिने पहिली स्लाइड तिथेच बदलली, 'दोन वर्षांत दहा हजारांत हार्ट अटॅक ७६ वरून ३५ वर, मधुमेहाचं नवं निदान २४३ वरून ३०३ वर'. दोन्ही ओळी एकाच आकाराच्या अक्षरांत. आलेखाचा कागद घडी करून वहीत ठेवला, दुसऱ्या दिवशी वर्गात फिरवायला. मग माझ्यासमोरच घरी फोन लावला.

"बाबा, तुमचं बीपी शेवटचं किती होतं?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"नॉर्मल नको बाबा, आकडा सांगा. वरचा."